कोकम, चिंच आणि कढीपत्ता घरच्या कॉकटेलमध्ये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर आणि आसपासच्या मराठी घरांतून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. चहाचा चमचा म्हणजे ५ मिली, मोठा चमचा १५ मिली आणि पेग ६० मिली धरला आहे. दारू म्हणजे दुकानात मिळणारी नेहमीची ४२.८ टक्क्यांची. मध्य प्रदेशात मद्यपानाचं कायदेशीर वय २१ वर्षं आहे. पुढचं सगळं त्यावरच्या वाचकांसाठी.

१. कोकम, चिंच आणि कढीपत्ता हे एकमेकांऐवजी चालतात का?

नाही. तिघांची कामं वेगळी आहेत, आणि बहुतेक ग्लास बिघडतात ते हे न ओळखल्यामुळे. कोकम आंबटपणा आणि रंग देतं, पण त्याला अंग नसतं. पेय पातळच राहतं. चिंच आंबटपणाबरोबर दाटपणा आणते. तिच्यात स्वतःची साखरही भरपूर असते, त्यामुळे तिचा आंबटपणा गोलसर लागतो. कढीपत्ता आंबट नाही आणि गोडही नाही, तो फक्त वास आहे. म्हणून कोकम किंवा चिंच लिंबाच्या जागी बसतात. कढीपत्ता लिंबाच्या जागी कधीच बसत नाही. कढीपत्त्याच्या पेयात आंबटासाठी लिंबू किंवा कोकम वेगळं घालावंच लागतं.

२. कशाबरोबर कुठली दारू घ्यावी?

कोकमाला पांढरी, हलकी दारू लागते. जिन सगळ्यांत चांगली, कारण जिनचा कोरडा, झाडपाल्याचा वास कोकमाच्या फळासारख्या आंबटपणाला उठाव देतो. व्होडकात कोकम स्वच्छ लागतं, पण व्होडका स्वतःचं काही देत नाही, म्हणून तिथे आल्याचा किंवा मिरीचा आधार घ्यावा. काजूची फेणी आणि कोकम हे एकाच किनारपट्टीचे शेजारी. जोडी उत्तम जमते, मात्र फेणीचा वास दांडगा असल्यामुळे पेगऐवजी ४५ मिली पुरे. काळ्या रममध्ये कोकम वाया जातं. मळीचा गोडसर वास त्याला दाबतो आणि रंग गढूळ विटकरी होतो.

चिंचेचं उलट. तिला काळी रम किंवा लाकडी पिंपात मुरलेली व्हिस्की लागते. गूळ, व्हॅनिला, भाजलेल्या साखरेसारखे वास चिंचेला ओळखीचे आहेत. टकिलाबरोबरही ती छान जाते. मेक्सिकोत चिंच रोजच्या खाण्यातली आहे. धुरकट वासाच्या माल्ट व्हिस्कीत मात्र चिंच घालू नये, दोन्ही कडवट होतात.

कढीपत्त्याला जिन किंवा पांढरी रम. जिनचा मुख्य वास जुनिपरचा. त्यातला पाइनीन हा घटक कढीपत्त्याच्या तेलातही असतो, म्हणून दोघं एकमेकांत सहज मिसळतात. पांढऱ्या रमबरोबर कढीपत्ता घ्यायचा तर मधे नारळ हवा (प्रश्न १० पाहा).

३. इंदुरात ताजं कोकम मिळत नाही. आगळ, आमसूल आणि सरबताचा पाक यांतलं काय घ्यावं?

आमसूल घ्या. सियागंजच्या किराणा दुकानांत आणि मराठी गृहउद्योगाच्या दुकानांत ती मिळतात. घेताना दाबून पाहा. चांगलं आमसूल मऊ, लवचीक आणि गडद जांभळं असतं. कडक, काळं आणि वर मिठाची पांढरी पूड साठलेलं आमसूल जुनं. ते आंबट असतं, पण रंग तपकिरी देतं.

आगळ म्हणजे मीठ घालून सोडलेला कोकमाचा रस. सोलकढीला तो सोयीचा आहे, पण कॉकटेलमध्ये मिठाचा हिशेब करूनच वापरावा (प्रश्न ५). सरबताचा पाक आधीच गोड असतो, बहुतेकदा जिरं आणि मीठही असतं. तो घेतलात तर वेगळी साखर अजिबात घालू नका आणि आंबटासाठी वरून लिंबू घ्या.

४. आमसुलाचा अर्क कसा काढायचा?

३० ग्रॅम आमसूल गाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली दहा सेकंद धुवा, म्हणजे वरचं मीठ जातं. मग १२० मिली कोमट पाण्यात दोन तास भिजवा. पाणी बोट बुडवता येईल इतपतच गरम असावं. हाताने चांगलं कुस्करा आणि मलमलच्या कापडातून पिळून घ्या. साधारण ९० मिली अर्क निघतो.

उकळू नका. उकळल्यावर रस लवकर सुटतो हे खरं, पण लाल रंग तपकिरीकडे झुकतो आणि ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मुरंब्यासारखी चव येते.

हा अर्क साधारण लिंबाच्या रसाइतका आंबट होतो, पण आमसूल प्रत्येक वेळी सारखं नसतं. म्हणून तपासा : एका वाटीत एक चमचा लिंबाचा रस आणि तीन चमचे पाणी, दुसऱ्या वाटीत एक चमचा अर्क आणि तीन चमचे पाणी. चाखून पाहा. अर्क फिका लागला तर त्याच पाण्यात आणखी पाच-सहा आमसुलं तासभर भिजवा. बरोबरीचा झाला की जिथे कृतीत लिंबू आहे तिथे तितकाच हा अर्क चालतो. काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये, चार दिवसांत संपवा.

मूळ ग्लास असा : जिन ६० मिली, अर्क २० मिली, साखरेचा पाक २० मिली (साखर आणि पाणी समप्रमाणात). बर्फाबरोबर दहा-बारा सेकंद जोरात हलवून गाळून घ्या. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते.

५. आगळ घालून केलेलं कॉकटेल खारट झालं. माप तर बरोबर होतं, मग काय चुकलं?

माप लिंबाचं होतं, आगळाचं नव्हतं. हिशेब करून पाहू. बाटलीच्या लेबलवर १०० मिलीमागे सोडियम किती मिलिग्रॅम ते दिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मिठाचं प्रमाण मिळतं. समजा लेबलवर ४,८०० मिलिग्रॅम सोडियम आहे, म्हणजे १०० मिलीत १२ ग्रॅम मीठ. तुम्ही अर्काच्या जागी २० मिली आगळ घातला, तर ग्लासात २.४ ग्रॅम मीठ गेलं. जिन, पाक, आगळ आणि वितळलेला बर्फ मिळून पेय सुमारे १२५ मिली होतं, म्हणजे मीठ जवळपास २ टक्के. घरच्या आमटीत ते १ टक्क्याच्या आसपास असतं. आमटीच्या दुप्पट खारट पेय कोण पिणार?

उपाय असा की आगळाकडून आंबटपणाची अपेक्षाच करू नये. त्याचं माप एका चहाच्या चमच्यावर आणा, आणि उरलेल्या १५ मिलीच्या जागी लिंबाचा रस घ्या. मीठ ०.६ ग्रॅमवर येतं, पेयाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत. नमकीन लिंबूपाण्यासारखी चव लागते, जी जिनला शोभते. रंग फिका गुलाबी येतो. गडद लाल हवा असेल तर प्रश्न ४ मधल्या अर्काशिवाय मार्ग नाही.

खारट झालेला ग्लास साखर घालून वाचत नाही. तो खारट आणि गोड होतो. त्याऐवजी आगळाशिवाय, नुसत्या लिंबाचा दुसरा ग्लास तयार करा, दोन्ही एकत्र करून दोघांत वाटा.

लेबल नसलेल्या घरगुती आगळासाठी साधी परीक्षा : पाऊण कप पाण्यात एक चमचा आगळ. पाणी स्पष्ट खारट लागलं तर ग्लासामागे अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा.

६. कोकमाचा लाल रंग सोडा घातल्यावर जांभळट किंवा मळकट का होतो?

कोकमाचा रंग जांभळासारख्या फळांतल्याच रंगद्रव्यांचा, अँथोसायनिनचा आहे. आंबटात ते लाल राहतं, आंबटपणा कमी झाला की निळसर-जांभळं होतं. काही बाटलीबंद सोड्यांत खाण्याचा सोडा असतो. लेबलवर आम्लता नियंत्रक म्हणून ५०० हा क्रमांक दिसला तर तोच. असा सोडा भरपूर ओतला की रंग मरतो. सोडा ६० मिलीच्या वर नेऊ नका आणि वर चार थेंब लिंबू पिळा, रंग परत उजळतो. टॉनिक वॉटर स्वतः आंबट असतं, त्यात ही अडचण येत नाही. रंग जांभळट नसून तपकिरी असेल तर दोष सोड्याचा नाही, जुन्या किंवा उकळलेल्या आमसुलाचा आहे.

७. चिंचेचा कोळ किती दाट हवा? तळाशी गाळ बसतो, कधी धागेही दिसतात.

५० ग्रॅम बिनचिंचोक्याची चिंच १५० मिली गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करा, आधी मोठ्या गाळणीतून आणि मग बारीक गाळणीतून दाबून काढा. कोळ चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरेल इतका असावा. भेळेच्या चटणीइतका दाट असेल तर तो बर्फावर बसून राहतो, मिसळत नाही. नवी लालसर चिंच जास्त आंबट आणि ताजी लागते. जुनी काळी चिंच गोडसर, खजुरासारखी. काळ्या रमला जुनी, टकिलाला नवी.

गाळ गरामुळे येतो, तो थोडा राहणारच. धागे मात्र चुकीच्या क्रमाने येतात. चिंचेत पेक्टिन असतं आणि ते कडक दारूत विरघळत नाही, त्यामुळे कोळ थेट नुसत्या रममध्ये ओतला की त्याच्या चिकट दोऱ्या होतात. आधी कोळ आणि पाक एकत्र करा, त्यावर बर्फ, आणि शेवटी रम ओतून लगेच हलवा. याच कारणाने चिंच रमच्या बाटलीत रात्रभर भिजत घालू नये.

८. चिंच आणि रम यांची एक खात्रीची कृती सांगा.

१०० ग्रॅम गूळ १०० मिली पाण्यात मंद आचेवर विरघळवून गाळून घ्या. गुळात काडीकचरा असतोच. एका ग्लासाला काळी रम ६० मिली, चिंचेचा कोळ २५ मिली, गुळाचा पाक १५ मिली, ठेचलेल्या आल्याच्या दोन चकत्या. प्रश्न ७ मधल्या क्रमाने हलवा, बर्फावर गाळा, वर ६० मिली सोडा.

ग्लासाच्या कडेला मिठाऐवजी पोह्यांवरचं जीरावन लावून पाहा. त्यात मीठ, जिरं आणि आंबटपणा तिन्ही आहेत, आणि चिंचेशी त्याचं जुनं नातं आहे. फक्त अर्ध्याच कडेला लावा, म्हणजे पिणाऱ्याला दुसरी बाजू मोकळी राहते. थंडीत सराफ्यातून आणलेल्या गराडूबरोबर हा ग्लास फार चांगला लागतो.

मांडूची खुरासानी इमली या कृतीत चालत नाही, हेही इथेच सांगतो, कारण मांडूहून परतणारे पुष्कळ लोक विचारतात. नावात इमली असली तरी ते गोरखचिंचेचं, म्हणजे बाओबाबचं फळ आहे. त्याचा गर कोरडा, भुकटीसारखा, आणि आंबटपणा चिंचेपेक्षा लिंबाच्या जवळचा. काळ्या रममध्ये तो खडूसारखा लागतो. एक मोठा चमचा गर १०० मिली गार पाण्यात तासभर भिजवून दोनदा गाळा आणि जिन किंवा व्होडकाबरोबर, लिंबाच्या जागी वापरा.

९. कढीपत्ता जिनमध्ये किती वेळ ठेवायचा? रात्रभर ठेवला तर कडू झालं.

रात्रभर फार झालं, दोन तास पुरतात. कढीपत्त्याचा वास त्याच्या तेलात असतो आणि ते दारूत पटकन उतरतं. त्यानंतर पानातला हिरवा रंग आणि गवतासारखा कडवटपणा उतरू लागतो. म्हणून २०० मिली जिनला २० ते २५ सुटी पानं घ्या. धुऊन कापडावर पूर्ण कोरडी करा, तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकदा थोपटा, बरणीत टाका, अंधारात ठेवा. दर अर्ध्या तासाने चाखा. फोडणी उतरवल्यावर स्वयंपाकघरात दरवळतो तसा वास आला की लगेच गाळा. जिन फिकट हिरवी दिसली तर ठीक. शेवाळी किंवा खाकी दिसली तर वेळ टळली. अशी जिन फेकू नका, साध्या जिनमध्ये तिपटीने पातळ करा.

वाळलेला कढीपत्ता चालत नाही, त्यात वास उरलेलाच नसतो. इथल्या मंडईत तो मीठा नीम म्हणून मिळतो. कोवळ्या शेंड्यांपेक्षा गडद, पक्व पानं घ्या.

गाळलेली जिन फ्रीजमध्ये ठेवा. खराब होत नाही, पण आठवड्याभरात वास मंद होतो. ग्लासात ही जिन ६० मिली, लिंबू २० मिली, पाक २० मिली. लिंबाऐवजी कोकमाचा अर्क घेतला तरी छान.

१०. कच्च्या पानाचा नाही, फोडणीचा वास हवा आहे. तेल न दिसता तो दारूत कसा आणायचा?

तेलातला वास दारूत उतरवायचा आणि मग तेल गोठवून काढून टाकायचं. दोन मोठे चमचे खोबरेल तेल, खाण्याचं आणि शक्यतो ताज्या नारळाचं, मंद आचेवर गरम करा. त्यात पूर्ण कोरडी १५ पानं टाका. पानात पाणी राहिलं तर तेल उडतं. पानं कुरकुरीत पण हिरवी असतानाच गॅस बंद करा. तपकिरी झाली तर जळका वास रममध्ये जसाच्या तसा उतरतो. मोहरी नको, तिचा तिखट दर्प पेयात वेगळा पडतो.

तेल हाताला सोसेल इतकं निवू द्या. मगच, शेगडीपासून लांब, रुंद तोंडाच्या बरणीत २५० मिली पांढरी रम आणि तेल पानांसकट एकत्र करा. गरम तेलात किंवा पेटत्या गॅसजवळ दारू ओतू नये, वाफ पेट घेते. चार तास बाहेर ठेवून मधूनमधून हलवा, मग रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी वर तेलाची पांढरी चकती बसते. तिला सुरीने भोक पाडा आणि रम कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळा.

इथे तेल बदलू नका. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणून हे जमतं. आपल्याकडे घरोघरी असलेलं सोयाबीन तेल फ्रीजरमध्येही नीट घट्ट होत नाही. ते गाळणीतून रमबरोबर उतरतं आणि ग्लासावर तवंग येतो.

११. सोलकढीत थेट रम घातली तर?

फाटते. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्ध थेंब. कोकमाचं आम्ल त्यांना आधीच डळमळीत करतं आणि दारू उरलेलं काम पुरं करते. तरी करायचंच असेल तर लसणाशिवाय, आणि क्रम पाळून : गार दाट नारळाचं दूध ६० मिली, पाक १५ मिली, प्रश्न १० मधली रम ४५ मिली बर्फाबरोबर हलवा, ग्लासात गाळा, आणि शेवटी कोकमाचा अर्क १० मिली वरून ओता. दहा मिनिटांत संपवा. आगळ इथे चालतो, पण अर्धा चमचाच.

१२. तांब्याच्या मगात किंवा पितळी भांड्यात देता येईल का?

आतून कल्हई, स्टील किंवा निकेलचा थर असेल तरच. उघड्या तांब्या-पितळेत कोकम आणि चिंच दोन्ही कळकतात. चिंचेने पितळ लखलखीत होतं ते याच कारणाने. तो निघालेला धातू पेयात उतरतो. चवही धातूसारखी तुरट होते. काच किंवा स्टील वापरा, साठवायला फक्त काच.

१३. आठ जणांसाठी एक मोठा जग भरून आधीच करून ठेवायचं आहे.

कोकम-जिन यासाठी सर्वांत सोयीची. जिन ४८० मिली, आमसुलाचा अर्क १६० मिली, पाक १६० मिली आणि गार पाणी २०० मिली : बरोबर एक लिटर. पाणी विसरू नका. एकेका ग्लासात हलवताना बर्फ जे पाणी सोडतो त्याची ही भरपाई आहे. ते नसेल तर पेय जळजळतं. आठ ग्लासांना अर्क सुमारे १६० मिली लागतो, म्हणजे प्रश्न ४ मधली कृती दुप्पट करा. बाटली फ्रीजमध्ये चार तास ठेवा. वाढायच्या जगमध्ये बर्फ टाकू नये, शेवटचे ग्लास पाणचट होतात.

आंबटगोडात दारू जिभेला कळत नाही. या बाटलीतल्या प्रत्येक ग्लासात पूर्ण पेग आहे, सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. पाहुण्यांना ते आधी सांगा. न पिणाऱ्यांसाठी जिनच्या जागी गार पाणी घेऊन, वर थोपटलेलं कढीपत्त्याचं पान ठेवून वेगळी बाटली करा, आणि दोन्हींवर चिठ्ठी चिकटवा. रंग अगदी सारखा दिसतो.

१४. तिन्ही एकाच ग्लासात घालता येतील का?

कोकम आणि कढीपत्ता एकत्र जमतात, चिंच आणि कढीपत्ताही. सांबारात ते रोजच घडतं. कोकम आणि चिंच मात्र एका ग्लासात नको. चिंचेचा तपकिरी रंग कोकमाचा लाल गिळतो, आणि दोन आंबटांत कोकमाचा नाजूक भाग हरतो. तिन्ही मांडायचेच असतील तर कोकम-कढीपत्त्याची जिन आधी द्या आणि चिंचेची रम जेवणानंतर.